गुडविल जुळलं म्हणजे पीपीए बरोबर, असं नाही

प्रश्न: मी सीए आहे, चार वर्षं स्टॅट्युटरी ऑडिट केलंय. दोन महिन्यांनी युरोपातल्या एका फर्ममध्ये रुजू होतोय. पहिल्याच क्लायंट ग्रुपने यंदा एक कंपनी विकत घेतलीय आणि तो भाग माझ्याकडे येणार असं कळलंय. खरेदीच्या किमतीच्या वाटणीत, म्हणजे पीपीएमध्ये, दिलेली किंमत, फेअर व्हॅल्यू, गुडविल यांत नेमकं काय तपासायचं आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात एसपीएपासून, म्हणजे शेअर खरेदीच्या करारापासून करा. बहुतेक जण आधी व्हॅल्यूअरचा रिपोर्ट उघडतात, कारण तो जाडजूड असतो आणि त्यात आकडे असतात. पण व्हॅल्यूअर क्लायंटने सांगितलेली किंमत गृहीत धरून चालतो. किंमत तपासणं हे त्याचं काम नसतं. करार पूर्ण वाचा, परिशिष्टांसकट. सोबत क्लोजिंगच्या दिवशीचं फंड्स फ्लो स्टेटमेंट, बँकेचे पुरावे, बोर्डाचे ठराव आणि संस्थापकांशी झालेले नोकरीचे करार मागून घ्या. हा शेवटचा कागद सहसा कुणी आपणहून देत नाही, आणि नेमकी गोम त्यातच असते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. आकडे काल्पनिक आहेत, मिलियन युरोत. तुमच्या क्लायंटने एका कंपनीचे १०० टक्के शेअर घेतले. क्लोजिंगला ६० रोख दिले. दोन वर्षांचं नफ्याचं लक्ष्य गाठलं तर आणखी १० द्यायचे, म्हणजे अर्न-आउट. त्यातले ६ एका गुंतवणूकदार फंडाला आणि ४ संस्थापकाला. वकील आणि सल्लागारांची फी १.२ झाली. क्लायंटने मोबदला मांडला ७१.२. विकत घेतलेल्या कंपनीची पुस्तकी नेट अ‍ॅसेट्स २०, त्यावर फेअर व्हॅल्यूची वाढ २२, म्हणून ४२. गुडविल २९.२.

आता मोबदला उलगडू. फी आयएफआरएस ३ प्रमाणे थेट खर्चात जाते, मोबदल्यात नाही. करारात वर्किंग कॅपिटलचं लक्ष्य ८ होतं, क्लोजिंगला प्रत्यक्षात ६.५ निघालं; तेव्हा १.५ विक्रेत्याने परत करायचे आहेत आणि मोबदला तेवढा कमी होतो. हा हिशेब क्लोजिंगनंतर काही आठवड्यांनी ठरतो, म्हणून वर्षअखेरीस तो राहून जाणं अगदी सहज घडतं.

अर्न-आउटमध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: हा खरोखर कंपनीच्या किमतीचा भाग आहे का? संस्थापकाच्या नोकरीच्या करारात लिहिलंय की दोन वर्षांच्या आत तो सोडून गेला तर त्याचे ४ बुडाले. सोडल्यावर पैसे आपोआप बुडत असतील तर आयएफआरएस ३ त्याला किंमत मानत नाही, पुढच्या सेवेचा पगार मानतं. मग ते ४ मोबदल्यातून बाहेर, आणि द्यावे लागतील असं दिसत असेल तोवर दोन वर्षांत कर्मचारी खर्च म्हणून. क्लायंट इथे हमखास वाद घालतो: ‘आम्ही तर किंमत म्हणूनच ठरवलं होतं.’ हेतूवर वाद घालू नका, कलम दाखवा.

दुसरा प्रश्न: उरलेल्या ६ ची अधिग्रहणाच्या दिवशीची फेअर व्हॅल्यू किती? लक्ष्य गाठण्याची शक्यता ७० टक्के धरली तर अपेक्षित रक्कम ४.२, दोन वर्षांसाठी ८ टक्क्यांनी डिस्काउंट केल्यावर ३.६. पैसे एकतर पूर्ण मिळणार किंवा मुळीच नाही, अशी साधी अट असल्याने इथे हे चालतं. अट पायऱ्यापायऱ्यांची किंवा कमाल मर्यादा घातलेली असेल तर सिम्युलेशन लागतं आणि तुमच्या टीमच्या व्हॅल्युएशन तज्ज्ञाला बोलवावं लागतं. ७० टक्के आले कुठून, हे विचारा. बोर्डाला दाखवलेल्या अंदाजात लक्ष्य सहज गाठलं जातंय आणि अर्न-आउटच्या कागदावर ते कठीण दाखवलंय, असं दोन्ही एकाच फाइलमध्ये सापडतं.

क्लायंटने पूर्ण १० देणं धरलं, यात ‘सावधगिरी’ दिसते. तसं नाही. देणं जास्त धरलं की गुडविल फुगतं, आणि लक्ष्य हुकलं की ते देणं नफ्यात सोडता येतं. मेजरमेंट पीरियडमधली सुधारणा वगळता अर्न-आउटच्या देण्यातला नंतरचा बदल प्रॉफिट अँड लॉसमध्ये जातो. धंदा वाईट चालला की नफा वाढतो, असं विचित्र चित्र दिसलं तर उगम इथे शोधा.

तर मोबदला: ६० वजा १.५ अधिक ३.६, म्हणजे ६२.१. क्लायंटपेक्षा ९.१ कमी.

आता दुसरी बाजू. पुस्तकी २० मध्ये त्या कंपनीचं स्वतःचं जुनं गुडविल ३ होतं. ते ओळखता येणारी मालमत्ता नाही, म्हणून बाहेर, उरले १७. फेअर व्हॅल्यूच्या २२ मध्ये ग्राहकसंबंध १४, ब्रँड ५, यंत्रं व इमारत २ आणि तयार माल १.

तयार मालाचं तपासणं सोपं आहे आणि तरी विसरलं जातं. पुस्तकी किंमत ५, विक्रीची किंमत ७, विक्रीचा खर्च ०.४ आणि विकण्याच्या कष्टाचा वाजवी नफा ०.६, म्हणून फेअर व्हॅल्यू ६. हा माल विकला गेला की मार्जिन घसरतं. क्लायंट नंतर हा १ ‘एकवेळचा’ म्हणून वगळून नफा दाखवतो. तो वेगळा विषय, पण आकडा तुमच्या वर्किंग पेपरशी जुळायला हवा.

सर्वाधिक वेळ ग्राहकसंबंधांना द्या, कारण त्यात सगळे अंदाज एकमेकांवर उभे असतात. पद्धत बहुधा अशी असते: आजच्या ग्राहकांकडून येणारा नफा काढायचा, त्यातून इतर मालमत्तांच्या वापराचं भाडं वजा करायचं आणि उरलेलं डिस्काउंट करायचं. तीन ठिकाणी बघा. एक, ग्राहक गळतीचा दर. व्हॅल्यूअरने ८ टक्के धरला असेल तर तीन-चार वर्षांची ग्राहकनिहाय विक्री घेऊन स्वतः काढा, आणि डोकी मोजण्याऐवजी विक्रीच्या वजनाने. बारके ग्राहक टिकलेत आणि दोन मोठे गेलेत, तर संख्येने गळती कमी दिसते. दोन, अंदाजात नव्या ग्राहकांची विक्री शिरलीय का. तीन, भाडं सगळ्यांचं वजा केलंय का: यंत्रं, वर्किंग कॅपिटल, मनुष्यबळ आणि ब्रँडची रॉयल्टी. मनुष्यबळाला पीपीएमध्ये वेगळी मालमत्ता म्हणून नोंदवत नाहीत, पण भाडं काढायला त्याची किंमत लागतेच. ब्रँडचं वजा करायचं राहिलं तर तोच नफा ब्रँडमध्येही आणि ग्राहकसंबंधांमध्येही मोजला जातो.

मग संपूर्ण व्यवहाराची एक चाचणी. दिलेली किंमत आणि अंदाजातला रोख प्रवाह यांना जुळवणारा दर, म्हणजे व्यवहाराचा आयआरआर, बाजारातल्या खरेदीदाराच्या डब्ल्यूएसीसीशी ताडून बघा. आयआरआर बराच वर असेल तर अंदाज फुगलेले आहेत, किंवा फक्त तुमच्या क्लायंटलाच मिळणारे सिनर्जीचे फायदे त्यात घुसलेत, किंवा खरोखर स्वस्तात मिळालंय. शेवटचं कारण दुर्मीळ. क्लायंट मात्र आधी तेच सांगतो.

क्लायंटच्या यादीत नसलेल्या गोष्टी शोधणं हे यादीतल्या तपासण्याइतकंच मोठं काम आहे. आयएफआरएसमध्ये गुडविलचं अमॉर्टायझेशन नाही, ग्राहकसंबंधांचं आहे. त्यामुळे कल इनटॅन्जिबल कमी आणि गुडविल जास्त ठेवण्याकडे असतो. आपल्या उदाहरणात एक कोर्टातला दावा सुटला होता. हरण्याची शक्यता कमी म्हणून आयएएस ३७ खाली तो फक्त टिपेत होता. अधिग्रहणात नियम निराळा: सध्याची जबाबदारी असेल आणि फेअर व्हॅल्यू खात्रीलायकपणे काढता येत असेल, तर शक्यता कमी असली तरी देणं नोंदवायचं. इथे १. तेव्हा समायोजनं २२ वजा १, म्हणजे २१.

आणि डिफर्ड टॅक्स, जो या हिशेबात कुठेच नव्हता. मालमत्तेची पुस्तकी किंमत २१ ने वाढली, कराचा आधार जागचा हलला नाही (शेअर खरेदीत सहसा हलत नाही), म्हणून २५ टक्क्यांनी ५.२५ चं देणं. गुडविलवर मात्र डिफर्ड टॅक्स लावायचा नाही, नाहीतर चक्र फिरतच राहतं.

नेट अ‍ॅसेट्स: १७ अधिक २१ वजा ५.२५, म्हणजे ३२.७५. गुडविल: ६२.१ वजा ३२.७५, म्हणजे २९.३५.

क्लायंटचं २९.२. फरक फक्त ०.१५, मटेरियॅलिटीच्या कितीतरी खाली. मोबदल्यात ९.१ ची चूक, नेट अ‍ॅसेट्समध्ये ९.२५ ची, आणि दोन्हींनी एकमेकांना झाकलं. गुडविल ही वजाबाकीतली बाकी आहे, म्हणून त्याच्यावर थेट टिक मारून काहीच सिद्ध होत नाही. पण ताळेबंदात अर्न-आउटचं देणं १० ऐवजी ३.६ हवं, खर्चात फी १.२ आणि संस्थापकाचा पगार हवा, डिफर्ड टॅक्स ५.२५ हवा. चुकांची यादी नोंदवताना एक ओळ ‘गुडविल ०.१५’ अशी लिहू नका. प्रत्येक ओळ स्वतंत्र लिहा, निव्वळ बेरीज करून नाही.

तारखेबद्दल थोडक्यात: नियंत्रण हाती आलं ती तारीख धरा, सही झाली ती नव्हे. ‘लॉक्ड बॉक्स’ करारात किंमत आधीच्या ताळेबंदावर ठरते आणि क्लायंट त्या आधीच्या तारखेपासूनच नफा एकत्र करायला बघतो. मोबदला शेअरमध्ये असेल तर भावही नियंत्रणाच्या दिवसाचाच.

वर्षअखेरीला पीपीए अपुरं असेल तर रकमा ‘प्रोव्हिजनल’ ठेवता येतात, जास्तीत जास्त १२ महिने. नेमकं काय अपुरं आहे आणि का, हे लेखी घ्या. पुढे बदल आला की एकच कसोटी: ही माहिती अधिग्रहणाच्या दिवशी अस्तित्वात असलेल्या परिस्थितीबद्दल आहे का? मोठ्या ग्राहकाने आधीच नोटीस दिली होती आणि ते नंतर कळलं, तर गुडविल बदलेल. त्याने तीन महिन्यांनी नाराज होऊन करार तोडला, तर तो त्या काळाचा तोटा. तिथे गुडविलला हात लावू देऊ नका.

इंड एएस १०३ वर काम केलं असेल तर बरंचसं ओळखीचं वाटेल. एक जागा लक्षात ठेवा: बाकी उणे आली, म्हणजे बार्गेन पर्चेस, तर तिकडे ती सहसा ओसीआयमधून कॅपिटल रिझर्व्हला जाते. आयएफआरएसमध्ये सगळ्या रकमा पुन्हा तपासून ती थेट नफ्यात येते, म्हणून क्लायंटला ती हवीहवीशी असते. तेव्हा आधी सुटलेली देणी शोधा.