सोन्याचा डॉलर-औंस भाव १० ग्रॅमच्या रुपयांत कसा आणायचा?

प्रश्न: औंसाचा डॉलरमधला भाव रुपयांत बदलून मी २८.३५ ग्रॅमने भागतो. उत्तर दुकानातल्या जीएसटीसकट भावाच्या अगदी जवळ येतं. मग माझी पद्धत बरोबर आहे ना?

उत्तर: नाही. भाव जुळतोय तो दोन चुका एकमेकींना झाकतात म्हणून. मी एका सराफी पेढीचे हिशेब पाहतो आणि या जागी फसलेले बरेच जण मला भेटले आहेत.

२८.३५ ग्रॅमचा औंस किराणा मालाचा. सोन्या-चांदीचा ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो. त्यामुळे औंसाच्या भावाला डॉलरच्या दराने गुणून ३.११०३५ ने भागलं, की थेट १० ग्रॅमचा भाव मिळतो.

सोपे आकडे घेऊ: औंस २,४०० डॉलर, डॉलर ८४ रुपये. गुणाकार २,०१,६००, भागाकार ६४,८१६ रुपये. हा झाला बाहेरच्या बाजारातला शुद्ध सोन्याचा भाव. त्यावर आयात शुल्क लागतं. जुलै २०२४ मध्ये ते १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. ६ टक्के धरले तर ६८,७०५ होतात, आणि त्यावर ३ टक्के जीएसटी लावला की ७०,७६६.

आता तुमच्या पद्धतीने करून बघा. २,०१,६०० ला २.८३५ ने भागलं तर साधारण ७१,११० येतात. फरक जेमतेम साडेतीनशेचा! औंस हलका धरल्याने भाव पावणेदहा टक्के फुगला, आणि शुल्क व जीएसटी मिळून वाढ सव्वानऊच्या आत-बाहेर होते. म्हणून गणित पटतं.

खात्री करायची असेल तर जुलै २०२४ च्या आधीचा एखादा दिवस घ्या. १५ टक्के शुल्काने वरचाच भाव ७६,७७५ झाला असता आणि तुमची पद्धत साडेपाच हजारांहून जास्त कमी पडली असती. शुल्क पुन्हा बदललं की तुमचा ताळा असाच मोडेल. म्हणून हिशेब करताना त्या दिवशीचं शुल्क आधी पाहून घ्या.

बरोबर पद्धतीनेही आकडा रुपया-रुपयाने जुळणार नाही. डॉलरचा दर आणि सोन्याचा भाव एकाच वेळचे घ्यावेत, सकाळचा एक आणि रात्रीचा दुसरा नको. या उदाहरणात रुपया एकाने घसरला तरी १० ग्रॅममागे शुल्कासकट ८१८ रुपयांचा फरक पडतो. शिवाय शुल्क आकारलं जातं ते सरकार साधारण दर पंधरवड्याला जाहीर करतं त्या किमतीवर, त्या क्षणाच्या भावावर नव्हे. मागणी कमी असली की व्यापारी भाव थोडा उतरवतात, लग्नसराईत चढवतात.

दागिन्याचा भाव काढायचा असेल तर जीएसटीच्या आधीच्या ६८,७०५ ला ०.९१६ ने गुणा. बावीस कॅरेटचे ६२,९३४ येतात. घडणावळ वेगळी, आणि जीएसटी त्यानंतर.