पत्रिकेची पीडीएफ लहान करायची, पण अक्षरांच्या कडा तशाच ठेवायच्या

प्रश्न: कोरल ड्रॉमध्ये ६ बाय ९ इंचाची लग्नपत्रिका केली आहे. पीडीएफ ८६ एमबीची झाली, मेलवर जात नाही. जेपीजी करून व्हॉट्सॲपवर टाकली तर निमंत्रकांची नावं पिंजल्यासारखी दिसतात. फाइल लहानही हवी आणि अक्षरंही कोरीव. कसं करू?

बरीच वर्षं डीटीपीचं काम करतोय आणि लग्नसराईत हे दुखणं घेऊन कोणी ना कोणी येतंच. तुमच्या ८६ एमबीमध्ये अक्षरांचा वाटा नगण्य आहे. पत्रिकेचा सगळा मजकूर मिळून शे-दोनशे केबीसुद्धा होत नाही. वजन आहे ते फोटोंचं. म्हणून फोटो बारीक करायचे आणि अक्षरांना हात लावायचा नाही. जेपीजी केलीत की अक्षरंही फोटोतच जमा होतात आणि तिथून सगळं बिघडत जातं.

आधी वजन कुठे आहे ते बघा. कोरलमध्ये फोटोवर क्लिक केलं की खालच्या पट्टीत त्याचं रिझोल्यूशन दिसतं. वधूवरांचा फोटो कॅमेऱ्यातून सरळ आला असेल तर तो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असू शकतो. तो पत्रिकेत ४ इंच रुंद बसवला असेल तर पट्टीत १५०० डीपीआय दिसेल. छपाईला ३०० पुरतं. म्हणजे १२०० बाय ८०० पिक्सेलचं काम, आणि तुम्ही त्याच्या २५ पट पिक्सेल वाहून नेताय. उघड्या हिशेबाने हा एकच फोटो ७२ एमबीचा होतो. मागे कागदाचा पोत किंवा पैठणीचा काठ ६०० डीपीआयने पसरला असेल तर तो ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे आणखी ५८ एमबी. पीडीएफ करताना नुकसान न करणारं कॉम्प्रेशन निवडलं गेलं की हे १३० एमबी थोडे दबून तुमच्या ८६ च्या आसपास येतात.

पॉवरक्लिपमध्ये टाकलेले फोटो मात्र बाहेरून क्लिक करून कळत नाहीत. अंडाकृती चौकटीत फक्त चेहरे दिसत असले तरी आत अख्खा फोटो असतो, मांडवासकट. क्लिपमध्ये शिरून बघा, नको तो भाग कापा.

आता मूळ फाइलची एक प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच. फोटो निवडून `Bitmaps` मेनूतल्या `Resample` ने फोटो ३०० वर आणा. मागचा पोत १५० वर आणला तरी चालेल, कारण त्यात तीक्ष्ण कडा नसतात. इंचातलं माप तेच राहिलं पाहिजे, फक्त रिझोल्यूशन कमी व्हावं. मग `Publish to PDF` च्या सेटिंगमध्ये बिटमॅपसाठी जेपीईजी कॉम्प्रेशन निवडा आणि दर्जा चांगला ठेवा. हे कॉम्प्रेशन फक्त फोटोंना लागतं, अक्षरं रेषांच्याच रूपात राहतात. एवढ्यावर अशी पत्रिका साधारण एक-दोन एमबीवर येते.

अक्षरांसाठी तिथेच `Export all text as curves` ची खूण करा. श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरले असतील तर हे कराच. फाँट पीडीएफमध्ये नीट बसला नाही तर समोरच्याला ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कर्व्ह केल्यावर अक्षर म्हणजे नुसता आकार, कोणत्याही फोनवर तसाच दिसणार. खूण निर्यातीतच केल्यामुळे कोरलच्या फाइलमधला मजकूर मजकूरच राहतो. मी सुरुवातीच्या काळात मूळ फाइलमध्येच कर्व्ह करून सेव्ह केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्त बदलला. रात्री बसून अख्खी पत्रिका पुन्हा टाइप केली.

पीडीएफ झाली की ८०० टक्के झूम करून अनुस्वार, रफार आणि शिरोरेषा बघा. कडा गुळगुळीत असेल तर अक्षर रेषेतच आहे. पायऱ्या दिसल्या तर त्याचा फोटो झालाय. कधीकधी बाकी मजकूर चकचकीत आणि ‘शुभविवाह’ एवढंच धुरकट, असंही होतं. त्याचं कारण बहुतेक वेळा सावली किंवा पारदर्शकता असतं. तुम्ही जुनी सुसंगतता किंवा पीडीएफ एक्स-१ए निवडली असेल तर त्या प्रकारात पारदर्शकता चालतच नाही, म्हणून सॉफ्टवेअर सावली आणि तिच्याखाली आलेलं अक्षर एकत्र करून त्याचा फोटो बनवतं. `Compatibility` मध्ये ॲक्रोबॅट ५ किंवा त्यापुढचं निवडा, आणि अक्षरं सगळ्या सावल्यांच्या वर आणून ठेवा.

कोरलची फाइलच हाताशी नाही, नुसती जड पीडीएफ आहे, असं असेल तर घोस्टस्क्रिप्ट हे फुकट साधन वापरा. विंडोजवर `gs` च्या जागी `gswin64c` लिहायचं.

```
gs -sDEVICE=pdfwrite -dCompatibilityLevel=1.4 -dPDFSETTINGS=/printer -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=lahan.pdf mothi.pdf
```

`/printer` फोटो ३०० वर आणतं. `/ebook` १५० वर आणतं, पण रंगही आरजीबीत बदलतं, म्हणून ती प्रत फक्त बघायला, छापायला नाही. अक्षरं दोन्हींत रेषेतच राहतात. `1.4` च्या खाली मात्र जाऊ नका, नाहीतर पारदर्शकता असलेलं पान अख्खंच चित्र होऊन बसतं. पीडीएफ लहान करून देणाऱ्या वेबसाइटही हे काम करतात, पण त्यातल्या काही अख्ख्या पानाचा फोटो करून परत देतात. तिथून आलेली फाइल ८०० टक्के झूम करून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आता पाठवायचं. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये जाताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून १८ एमबीच्या आत राहा. व्हॉट्सॲपवर फोटोच्या बटणाने नाही, `Document` मधून पाठवा. तसं पाठवलेल्याला व्हॉट्सॲप हात लावत नाही. तिथे मर्यादा २ जीबीची आहे, म्हणजे ८६ एमबीही गेली असती. पण मावशीच्या जुन्या फोनवर ती उघडेपर्यंत अक्षता पडतील.

खरी पंचाईत पुढे आहे. यजमान म्हणतात, ‘पीडीएफ नको, फोटोच द्या, स्टेटसला ठेवायचाय.’ फोटोच्या वाटेने गेलेली प्रतिमा व्हॉट्सॲप पुन्हा दाबतं, आणि साध्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. तुम्ही ५००० पिक्सेलची जेपीजी पाठवलीत तर ती बारीक करण्याचं काम ॲप त्याच्या पद्धतीने करणार. त्यापेक्षा कोरलमधूनच १६०० पिक्सेल उंचीची पीएनजी काढा. ॲप ती दाबेल, पण निदान आकार बदलण्याचं काम तुमच्या हातचं झालेलं असेल. एचडीचा पर्याय असेल तर तो घ्याच.

आता १६०० मध्ये काय बसतं ते बघा. पत्रिका ९ इंच उंच, म्हणजे इंचाला १७८ पिक्सेल. १० पॉइंटच्या अक्षराला सुमारे २५ पिक्सेल मिळतात, ते वाचता येतं. पण निमंत्रकांची नावं ७ पॉइंटला असतील तर १७ पिक्सेल. एवढ्यात वरची वेलांटी, रफार, शिरोरेषा आणि खालचा उकार सगळं मावायचं! शिरोरेषेला जेमतेम एक पिक्सेल येतो. तुमची नावं पिंजली ती याच कारणाने, आणि त्यावर दर्जाचा आकडा वाढवून काही उपाय होत नाही. मी अशा वेळी पत्रिकेचे दोन फोटो करतो. वरचा अर्धा भाग एकात, मुहूर्त, स्थळ आणि निमंत्रक दुसऱ्यात. तुकडा ६ बाय साडेचार इंचाचा झाला की लांब बाजू ६ इंचांची, म्हणजे इंचाला २६७ पिक्सेल, आणि तेच ७ पॉइंट २६ पिक्सेलवर जातं. स्टेटसला वरचा भाग ठेवतात, खालचा ग्रुपवर टाकतात. कोणाची तक्रार येत नाही.

जाता जाता रंगाचं. जेपीजी प्रत्येक पिक्सेलची उजळता ठेवतं, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन बाय दोनच्या चौकडीला मिळून एकच ठेवतं. म्हणून ज्या अक्षराची कड नुसत्या रंगाच्या फरकावर उभी आहे, ती विस्कटते. हिरव्या पट्टीवर कुंकवासारखी लाल अक्षरं हे त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण, कारण गडद हिरवा आणि लाल यांची उजळता जवळजवळ सारखी भरते. पिवळ्यावर लाल त्या मानाने निभावतं, आणि फिक्या क्रीमवर गडद मरून सगळ्यात उत्तम. पारखायचं असेल तर पत्रिका ग्रेस्केल करून बघा. राखाडीत जे अक्षर पट्टीत विरून जाईल, तेच व्हॉट्सॲपवर फाटणार. फोटोच्या प्रतीत तेवढ्याच अक्षरांचा रंग पांढरा किंवा गडद करा, छापायच्या फाइलमध्ये यजमानांच्या पसंतीचा लाल तसाच राहू दे.