पहाटेचा गारठा, आखडलेला खांदा आणि गुळगुळीत फरशी

प्रश्न: वडील ७९ वर्षांचे, सोलापुरात असतात. पहाटे गारठतात, पण स्वेटर जड होतो म्हणून काढून टाकतात. डावा खांदा आखडलाय, बटणं लावता येत नाहीत. मोजे घालून फरशीवर एकदा घसरलेही. काय घालावं?

उत्तर: आधी मोज्यांचं बघा. नुसत्या मोज्यांनी शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर चालू देऊ नका, पाय निसटतोच. मोज्यांवर मागून टाच बंद असलेली, वर वेल्क्रोचा पट्टा असलेली चप्पल हवी. तळ रबरी, खाचांचा आणि पातळ घ्या. जाड फोमचा तळ मऊ लागतो, पण त्यावर म्हाताऱ्या माणसाला जमिनीचा अंदाज येत नाही. खरेदी संध्याकाळी, मोजे घालूनच करा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. चालताना टाच उचलली जात असेल तर ती जोडी नको. चप्पल पलंगाशेजारी ठेवा आणि उठण्याआधी, बसूनच घालायला लावा.

आपल्याकडे पहाटे गारठा आणि दुपारी ऊन, त्यामुळे एक जाड कपडा कामाचा नाही. माझ्या वडिलांना मी आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा फ्लॅनेलचा शर्ट आणि त्यावर समोरून उघडणारं बिनबाह्यांचं फ्लीसचं जाकीट घालते. ऊब धडाला मिळते, खांद्यावर ओझं येत नाही, आणि दहा वाजता जाकीट तेवढं काढता येतं. सोलापुरी चादर अंथरुणात उत्तम, पण अंगावर लपेटून चालायला देऊ नका. ती जड असते, दोन्ही हात आत अडकतात आणि टोक पायात येतं.

बटणांसाठी शिंप्याकडे जा. काजं शिवून बंद करायची, बटणं त्यांच्यावरच बाहेरून टाकायची आणि आत वेल्क्रोचे तुकडे लावायचे. शर्ट दिसायला नेहमीचाच राहतो, म्हणून वडीलधारी कुरकुर करत नाहीत. धुताना वेल्क्रो चिकटवून ठेवा, नाहीतर त्यात धागे अडकून तो धरेनासा होतो. समोरून उघडणाऱ्या जाकिटाला चेन नको. खालचं टोक खोबणीत घालायला दोन्ही हातांची बोटं लागतात. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक घाला, लांबी घोट्याच्या वरच ठेवा.

घालताना त्यांना खुर्चीत बसवा. आधी डावी बाही: तुमचा हात मनगटाकडून बाहीत घाला, त्यांचा पंजा धरा आणि बाही खांद्यापर्यंत सरकवा. मग पाठीमागून कपडा फिरवून उजवा हात. काढताना उलट, उजवा आधी.

थंडी वाजतेय का हे त्यांच्या सांगण्यावर सोडू नका, या वयात ती जाणीव कमी होते. हाताची बोटं तशीही गार असतात, म्हणून कपड्याखाली पोटाला हात लावून बघा. पोट गार लागलं, ते सुस्त वाटले किंवा बोलणं जड झालं, तर पांघरूण वाढवून वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. मधुमेहाने तळपायाची जाणीव गेली असेल तर पायांशी गरम पाण्याची पिशवीही ठेवू नका, भाजलेलं त्यांना कळणार नाही.