२९,८०० ठरले, मग हातात २६,०००च का?

प्रश्न: सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली. पगार २९,८०० ठरला होता, खात्यात २६,००० आले. पगारपत्रकाचा फोटो जोडला आहे. ३,८०० कुठे गेले?

उत्तर: आपल्या पत्रकाच्या डाव्या रकान्यात मूळ वेतन १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, वाहतूक भत्ता २,००० आणि विशेष भत्ता ५,००० असे एकूण वेतन २८,००० रुपये आहे. म्हणजे २९,८०० हा आकडा पत्रकात कुठेच नाही, कारण त्यात कंपनीने आपल्या भविष्य निर्वाह निधीत स्वतःच्या वाट्याचे म्हणून भरावयाचे १,८०० रुपयेही धरलेले होते.

उजव्या रकान्यात आपल्या वाट्याचा निधी, म्हणजे १५,०००चे १२ टक्के, पुन्हा १,८०० रुपये आहे आणि त्याखाली व्यवसाय कर २०० रुपये. २८,००० मधून हे २,००० वजा होऊन २६,००० उरतात. निधीचे दोन्ही वाटे आपल्याच नावावर जमा होतात (कंपनीच्या वाट्यातील मोठा भाग निवृत्तिवेतन योजनेत वळवला जातो), त्यामुळे खऱ्या अर्थाने गेले ते २०० रुपयेच. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो, तेव्हा शंभर रुपये कमी दिसल्यास ती चूक समजू नये.

पासबुक मात्र तपासावे. माझ्या पहिल्या नोकरीत पत्रकावर निधीची कपात छापली जात होती, पण पासबुकात चार महिने एक रुपयाही जमा झाला नव्हता. पत्रकावरील यूएएन क्रमांकाने निधीच्या संकेतस्थळावर प्रवेश केल्यास दोन्ही वाटे महिनावार दिसतात.