फोनवर आधी ऐकून घे

ग्राहकाच्या तक्रारीचा फोन उचलल्यावर पहिला शब्द बऱ्याचदा तुटतो, म्हणून आधी ‘नमस्कार’ म्हण, मग कंपनीचं आणि तुझं नाव. खरी कसोटी पुढं आहे. परवा कागलहून एक काका चिडून बोलत होते, ‘मोटर फिरतीया, पाणी चढंना!’ मी मध्ये न बोलता फक्त ‘हं, बरं काका’ म्हणत राहिलो. गप्प बसलास तर त्यांना फोन कट झाला वाटतं. मग त्यांचंच परत सांगितलं, ‘मोटर चालू, पाणी नाही, कालपासनं. बरोबर?’ तेव्हा ते म्हणाले, ‘व्हय, कालच फूटव्हॉल्व्ह बदललाय.’ दोष तिथंच, पाइपच्या तळाच्या त्या झडपेत होता. शेवटी तक्रार क्रमांक दोन-दोन आकड्यांत सांग, ‘अजून काही, काका?’ विचार आणि फोन त्यांनाच आधी ठेवू दे.