टीडीएस कापलाय, तरी डिमांड? आधी 26एएस उघडा

प्रश्न: ऑगस्ट 2023 मध्ये नोकरी बदलली. वर्षाचा पगार 14.5 लाख, नवी करप्रणाली. जुन्या कंपनीने चार महिन्यांत 31,200 टीडीएस कापला, नव्या कंपनीने 1,04,000. रिटर्न बरोबर भरलं होतं, तरी 12 नोव्हेंबर 2024 ची असेसमेंट नोटीस आली आहे, 35,270 रुपये भरा म्हणून. जुनी कंपनी फॉर्म 16 देत नाही. भरून टाकू का?

उत्तर:

लगेच भरू नका. पण कागद बाजूलाही ठेवू नका, कारण त्याला मुदत आहे.

तुमच्याकडे आलंय ते आयकर कायद्याच्या कलम 143(1) खालचं इंटिमेशन. सीपीसी म्हणजे रिटर्न तपासणारं आयकर विभागाचं बंगळुरूचं केंद्र. तिथला संगणक तुमचं रिटर्न विभागाकडच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की हे पाठवतो. कुणा अधिकाऱ्याने तुमची फाईल उघडून संशय घेतलेला नाही. तसल्या छाननीची नोटीस 143(2) खाली येते. मात्र यातली डिमांड खरीच असते. हेच इंटिमेशन कलम 156 ची मागणी नोटीस धरलं जातं. 30 दिवसांत भरणा झाला नाही, तर पुढे दरमहा 1% व्याज चढत जातं.

पीडीएफ उघडायला पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, म्हणजे `abcde1234f15081990` असा. आत दोन रकाने दिसतील: डावीकडे तुम्ही भरलेलं, उजवीकडे त्यांनी धरलेलं. प्रत्येक ओळ वाचत बसू नका. दोन रकान्यांतला आकडा पहिल्यांदा कुठे वेगळा होतो तेवढं शोधा, कारण खालचं सगळं त्या एका ओळीतून आलेलं असतं.

तुमच्या आकड्यांवरून सांगतो. 14,50,000 मधून 50,000 प्रमाणित वजावट गेली, राहिले 14 लाख. त्यावर 2023-24 च्या नव्या दरांनी कर 1,30,000 आणि 4% सेस धरून 1,35,200. दोन्ही कंपन्यांचा टीडीएस मिळवला तर बरोब्बर 1,35,200 होतो. म्हणजे रिटर्नमध्ये चूक नाही. उत्पन्न आणि कर दोन्ही रकान्यांत सारखे दिसतील आणि टीडीएसच्या ओळीत डावीकडे 1,35,200, उजवीकडे 1,04,000. जुन्या कंपनीचे 31,200 त्यांनी धरलेच नाहीत.

वरचे 4,070 हे व्याज आहे. टीडीएस मिळाला नाही म्हटल्यावर संगणक तुम्हालाच अग्रिम कर चुकवणारा समजतो. 234ब खाली एप्रिल ते नोव्हेंबर असे आठ महिने, दरमहा 312, म्हणजे 2,496. आणि 234क खाली चार हप्त्यांचे 1,572. बेरीज 35,268, दहाच्या पटीत 35,270. मूळ 31,200 चा प्रश्न सुटला की हे व्याजही जातं.

आता ई-फायलिंग पोर्टलवरून फॉर्म 26एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा विभागाकडचा उतारा, काढा आणि त्यात जुन्या कंपनीचं नाव शोधा. पुढे काय करायचं ते इथे ठरतं.

नाव आहे, रक्कमही आहे, फक्त तुम्ही रिटर्नमध्ये टॅन, म्हणजे कर कापणाऱ्या कंपनीचा नंबर, चुकीचा टाकला होता, असं असेल तर काम सोपं आहे. पोर्टलवर `Services > Rectification` मध्ये जाऊन टॅक्स क्रेडिट दुरुस्त करा. नाव आहे पण नोंदीपुढे F म्हणजे फायनल ऐवजी U म्हणजे अनमॅच्ड दिसतंय, तर कंपनीचं टीडीएस विवरणपत्र कर भरल्याच्या चलनाशी जुळलेलं नाही. नावच नाही, पण कंपनी म्हणते पैसे भरलेत, तर बहुतेक त्यांनी तिमाही विवरणपत्र दिलेलं नाही किंवा तुमचा पॅन चुकवलाय. या दोन्हींत दुरुस्ती कंपनीच करू शकते. ती होऊन 26एएसमध्ये रक्कम चढेपर्यंत थांबा, मग `Reprocess the return` निवडा. आधीच अर्ज टाकला तर तीच डिमांड परत येते. लोक असे तीन-तीन अर्ज टाकून मग माझ्याकडे येतात.

फॉर्म 16 द्यायला टाळाटाळ चाललीय म्हणजे माझा संशय वेगळा आहे: पगारातून कापले, पण सरकारात भरलेच नाहीत. फॉर्म 16 चा भाग अ विभागाच्याच पोर्टलवरून निघतो. भरणाच नसेल तर त्यांना तो काढता येत नाही.

अशा वेळी कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम 205 म्हणतं, जेवढा कर पगारातून कापला गेला तेवढा पगारदाराकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये एका पगारदाराच्या अशाच प्रकरणात हेच धरलं. आयकर विभागाचं वरिष्ठ मंडळ असलेल्या सीबीडीटीनेही 1 जून 2015 च्या पत्राने आणि पुन्हा 11 मार्च 2016 च्या ज्ञापनाने अधिकाऱ्यांना सांगितलंय की अशी डिमांड सक्तीने वसूल करू नका.

पण कापला गेला हे सिद्ध तुम्हालाच करायचंय. एप्रिल ते जुलै 2023 च्या चारही पगारपावत्या काढा. नोकरी सोडल्यावर कंपनीचं लॉगिन बंद होतं, म्हणून जुन्या ईमेलमध्ये शोधा. पावती बँकेच्या उताऱ्याशी जुळवा. समजा पगार 1,05,000. त्यातून पीएफ 1,800, व्यवसाय कर 200 आणि टीडीएस 7,800 गेला, तर खात्यात 95,200 आलेले दिसले पाहिजेत. पावती कुणीही छापू शकतो, पण ती बँकेतल्या जमेशी रुपयाला रुपया जुळली की नाकारणं अवघड जातं. सोबत कंपनीच्या अकाउंट्सला फॉर्म 16 मागणारी ईमेल टाका. कापलेला टीडीएस न भरणं हा कलम 276ब खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे त्यात एका ओळीत असू द्या. कधीकधी तेवढ्यानेही पैसे भरले जातात.

मग `Pending Actions > Response to Outstanding Demand` उघडा. तिथे `Demand is correct` हा पर्याय चुकूनही निवडू नका. एकदा मान्य केलं की नंतर नाही म्हणता येत नाही. `Disagree with demand` निवडा, कारणात जुन्या कंपनीचं नाव, टॅन आणि 31,200 ची रक्कम लिहा, कागद जोडा. सीपीसी फक्त 26एएस पाहते, म्हणून तिच्याकडे दुरुस्तीचा अर्ज करून इथे काही निघणार नाही. तेच कागद आणि वरची दोन परिपत्रकं जोडून तुमच्या वॉर्डच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे पत्र द्या, पोच घ्या आणि पोर्टलवर तक्रारही नोंदवा. वॉर्ड कोणता ते पॅन टाकून पोर्टलवरच कळतं. अपील करायचं झालं तर त्याची मुदतही 30 दिवसच आहे, त्यामुळे अधिकाऱ्याच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका.

एक अडचण मात्र राहते. ती परिपत्रकं सक्तीची वसुली थांबवतात, डिमांड पोर्टलवरून पुसत नाहीत. पुढच्या वर्षी तुमचा परतावा निघाला तर तो यात वळता करण्याची सूचना कलम 245 खाली येईल. उत्तर द्यायला 21 दिवस मिळतात. गप्प राहिलात तर संमती धरतात, तेव्हा तिथेही हेच कागद लावून `Disagree` करा. म्हणून मी पक्षकारांना सांगतो, सगळ्याची एकच पीडीएफ करून ठेवा, ती दरवर्षी लागेल.

आणि 26एएसमध्ये जुन्या कंपनीचे 31,200 व्यवस्थित दिसत असतील आणि रिटर्नमध्येही टॅन बरोबर असेल, तर टीडीएसची ओळ सोडून वरची उत्पन्नाची ओळ इथे टाका. मग गडबड दुसरीकडे आहे.