झुकली म्हणून जवळ आली, हे उत्तर चूक आहे

प्रश्न: "पुस्तकातल्या आकृतीचा फोटो जोडला आहे. चारही ठिकाणी पृथ्वीची आस उजवीकडेच झुकलेली आहे, मग डावीकडे उन्हाळा आणि उजवीकडे हिवाळा कसा? आणि वरची-खालची पृथ्वी तर सूर्याला सगळ्यात जवळ दिसते, मग उन्हाळा तिथे का नाही?"

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांना ती सुचतही नाही. फोटोतली कक्षा अंड्यासारखी लांबट दिसते, पण खरी कक्षा तशी नाही. चित्रकाराने ती वरून न दाखवता बाजूने, तिरकी दाखवली आहे. एखादी बांगडी टेबलावर ठेवून बाजूने पाहिली की ती अशीच चपटी दिसते. शिवाय तुम्ही फोन पानाला समांतर धरलेला नाही, त्यामुळे ती आणखी थोडी दबली आहे. आसेचा कोनही याच कारणाने फोटोत बिघडला असेल. 23.4 अंश मोजायला या फोटोवर कोनमापक ठेवू नका.

खरी कक्षा 10 सेंटिमीटर त्रिज्येने कागदावर काढली, तर तिची लांब बाजू आणि आखूड बाजू यांत मिलिमीटरच्या जेमतेम तीन शतांशांएवढा फरक येईल. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. म्हणजे दिसायला ते वर्तुळच. सूर्य मात्र बरोबर मध्यभागी नसतो, सुमारे 1.7 मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर. तुमच्या आकृतीत उजवीकडे जी डिसेंबरची, उत्तरेत हिवाळा असलेली पृथ्वी आहे, तीच जवळजवळ सगळ्यात जवळची. वरची आणि खालची नव्हे.

आता मी हे उत्तर लिहायला का बसलो ते सांगतो. नववीत असताना तोंडी परीक्षेत सरांनी हीच आकृती समोर ठेवून उन्हाळ्याचं कारण विचारलं. मी म्हणालो, उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो म्हणून सूर्य डोक्यावर जास्त चढतो. सर म्हणाले, "अर्धवट सांगतोस. झुकल्यामुळे तो भाग सूर्याच्या जवळ येतो, म्हणून जास्त तापतो." मी म्हणालो, "सर, पण आपण जवळ तर जानेवारीत असतो." ते वर्गासमोर म्हणाले की पुस्तकाबाहेरचं ऐकीव ज्ञान इथे नको, आणि गुण कापले. गुणांचं दुःख फार दिवस टिकलं नाही. पण माझ्याकडे तेव्हा उत्तर देण्यासाठी आकडा नव्हता, ते अजून बोचतं. घरी येऊन मी तो आकडा काढला.

पृथ्वीचा व्यास साधारण 12,742 किलोमीटर. 23.4 अंशांच्या कलामुळे जूनमध्ये उत्तर ध्रुव दक्षिण ध्रुवापेक्षा सूर्याला जवळ येतो तो किती? साधारण 5 हजार किलोमीटर. आणि जानेवारीत अख्खी पृथ्वी, दोन्ही ध्रुवांसकट, जुलैपेक्षा जवळ असते ती 50 लाख किलोमीटर. हजारपट फरक आहे. जवळ येण्याने उन्हाळा होत असता, तर तो साऱ्या पृथ्वीवर एकदमच जानेवारीत झाला असता. तसं होत नाही. एका गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दुसऱ्यात हिवाळा असतो, आणि एवढी एकच गोष्ट अंतराचं कारण बाद करायला पुरेशी आहे.

सरांचा गैरसमज कुठून आला, हेही आकृतीतच दिसतं. तिच्यात पृथ्वी बोराएवढी आणि सूर्य तिच्यापासून चार बोटांवर. त्या चित्रात झुकलेलं टोक खरंच सूर्याला बऱ्यापैकी जवळ जातं. प्रमाण खरं ठेवायचं तर 2 सेंटिमीटरच्या पृथ्वीपासून सूर्य 235 मीटर लांब हवा, आणि तो सव्वादोन मीटर व्यासाचा हवा. एवढ्या अंतरावरून पृथ्वीचं कुठलं टोक पुढे आहे याने काडीचा फरक पडत नाही. तिथून येणारे किरण पृथ्वीपाशी जवळपास समांतरच असतात. आकृतीत सूर्यापासून चहूकडे पसरणारे बाण काढतात, तेही याच कारणाने दिशाभूल करतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला हाताने करून पाहिल्यावर कळलं. अंधाऱ्या खोलीत मधोमध दिवा ठेवला, रबरी चेंडूतून विणकामाची सुई आरपार घातली आणि ती तिरकी धरून दिव्याभोवती फेरी मारली. पहिल्या फेरीत सुईचं वरचं टोक सगळीकडे दिव्याकडेच झुकलेलं राहिलं, म्हणजे उत्तरेत बारा महिने उन्हाळा. चूक हातात होती. दिव्याकडे तोंड ठेवून फिरताना मी स्वतः वळत होतो आणि माझ्याबरोबर सुईही वळत होती. दुसऱ्या फेरीत ठरवलं की सुईचं टोक खोलीच्या त्या एकाच कोपऱ्याकडे ठेवायचं, मी कुठेही असो. मग आपोआप अर्ध्या वाटेत टोक दिव्याकडे आलं आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत दिव्यापासून दूर गेलं.

तुमच्या आकृतीत चारही आसा एकमेकींना समांतर आहेत त्या म्हणूनच. त्या कोपऱ्याच्या जागी आकाशात ध्रुवतारा आहे असं समजा. आस वर्षभर कूस बदलत नाही, सूर्य तिच्या कुठल्या बाजूला आहे ते बदलतं. डावीकडच्या पृथ्वीला सूर्य उजव्या हाताला, आणि आस उजवीकडे झुकलेली, म्हणून उत्तरेचं टोक सूर्याकडे. हा जून. उजवीकडच्या पृथ्वीला सूर्य डाव्या हाताला, आस मात्र तशीच उजवीकडे, म्हणून तेच टोक सूर्यापासून दूर. हा डिसेंबर. समोरच्या आणि मागच्या पृथ्वीला कल सूर्याच्या आडवा पडतो, दोन्ही गोलार्धांना सारखाच प्रकाश. उत्तर बाजूने पाहिलं तर पृथ्वी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून पुढची, म्हणजे फोटोतली खालची, सप्टेंबरची आणि वरची मार्चची. तुमच्या फोटोत महिन्यांची नावं कापली गेली आहेत म्हणून हे लिहितो.

पण टोक सूर्याकडे झुकलं म्हणजे नेमकं काय झालं? इथे सगळी आकृती थांबते आणि पुस्तकंही एका वाक्यात आटपतात. 40 अंश उत्तर अक्षांशावरची एक जागा घ्या. 21 जूनच्या सुमारास दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून 73 अंशांवर चढतो, 21 डिसेंबरच्या सुमारास जेमतेम साडेसव्वीस अंशांवर. एक मीटर रुंदीचा किरणांचा पट्टा जूनमध्ये जमिनीवर साधारण 1.04 मीटरभर पसरतो आणि डिसेंबरमध्ये 2.23 मीटर. प्रकाश तेवढाच, पण तो दुपटीहून जास्त जमिनीला वाटून जातो. झाला एक परिणाम. दुसरा म्हणजे दिवसाची लांबी. आकृतीत डावीकडच्या पृथ्वीवर 40 अंश अक्षांशाची रेघ आसेला काटकोनात काढा. तिचा मोठा तुकडा उजेडात आणि छोटा अंधारात पडेल. म्हणून तिथे जूनमध्ये दिवस 15 तासांचा आणि डिसेंबरमध्ये साधारण 9 तास 20 मिनिटांचा.

दोन्ही परिणाम एकत्र धरून दिवसभरात वातावरणाच्या वर येणारी ऊर्जा मोजली, तर जूनमध्ये ती डिसेंबरच्या तिप्पट निघते. अंतर वर्षभर सारखंच धरलं असतं तर हे गुणोत्तर 3.3 आलं असतं. खरं अंतर धरलं की ते 3.1 होतं. म्हणजे उत्तर गोलार्धात अंतर उन्हाळा-हिवाळ्यातला फरक वाढवत नाही, उलट थोडा कमीच करतं. हा आकडा नववीत माझ्याकडे असायला हवा होता.

माझं स्पष्ट मत आहे की "झुकल्यामुळे सूर्याच्या जवळ येतो" हे वाक्य वर्गात एकदाही उच्चारू नये, सोपं करून सांगण्यासाठीसुद्धा नाही. त्याऐवजी "सूर्य जास्त उंच आणि जास्त वेळ" म्हणावं. तेही तेवढंच सोपं आहे, आणि खरं आहे. कुणी विद्यार्थी "पण जानेवारीत तर आपण जवळ असतो" म्हणाला, तर त्याला पुढे बोलावून फळ्यावर 5 हजार आणि 50 लाख एकाखाली एक लिहायला लावावं.

अंतराचा परिणाम शून्य आहे असं मात्र समजू नका. जानेवारीत पृथ्वीवर येणारा प्रकाश जुलैपेक्षा सुमारे 7 टक्के जास्त असतो. आणि जवळ असताना पृथ्वी जरा वेगाने धावते. कॅलेंडर काढून मोजा: मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत 186 दिवस, तिथून परत मार्चपर्यंत 179. अंतराची खूण ऋतूंच्या लांबीत अशी सापडते. मंगळावर तर गोष्टच वेगळी. त्याचा कल 25 अंशांचा, आपल्यासारखाच, पण कक्षा इतकी लांबट की जवळच्या ठिकाणी त्याला दूरच्या ठिकाणापेक्षा 45 टक्के जास्त प्रकाश मिळतो. तिथे माझ्या सरांना निदान अर्धे गुण द्यावे लागतील.

आणखी एक. वरचा 40 अंशांचा हिशेब कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्याला जसाच्या तसा लावू नका. तिथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, दिवसाची लांबीही कमी बदलते. आणि पाऊस या आकृतीत नाहीच. त्यासाठी जमीन, समुद्र आणि वारे लागतात, आणि ते या चित्रात कुणी काढलेले नाहीत.